डोंबिवलीचे आजोबा आणि तेरा पॅनल : चिठ्ठीने निवड, पण समतोल राखून

नागरिकशास्त्र आणि गणित एकाच तासाला शिकवायची संधी क्वचित मिळते. नववीच्या वर्गाबरोबर घेतलेला असा एक पाठ इथे लिहून ठेवतोय. साहित्य म्हणजे दोन रिकामे डबे आणि कागदाच्या चिठ्ठ्या. दोन तासिका मात्र पूर्ण लागतात, घाई केलीत तर फसेल.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करतो. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे (नाव नको) पालकांची एक छोटी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायचं ठरलं. निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेत मुलं येतात त्या दोन्ही बाजूंचे पालक हवेत, असंही ठरलं. चिठ्ठ्या निघत गेल्या. शेवटची जागा राहिली तेव्हा लक्षात आलं की त्या जागेत बसेल अशी चिठ्ठीच डब्यात उरलेली नाही. मग कुणीतरी म्हणालं, "अहो, अमक्या ताईंना घेऊन टाका ना, येतात त्या नेहमी." झालं. समिती भरली. पण घरी जाताना एक आजोबा मला म्हणाले, "गुरुजी, माझी चिठ्ठी डब्यात होती हे मी पाहिलं. पण ती निघू शकत होती का?"

तेव्हा मी "हो, का नाही?" म्हणून मोकळा झालो. उत्तर तितकं सोपं नव्हतं.

चिठ्ठीची सोडत आपल्याला नवी नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या निवडणुकीआधी प्रभाग आरक्षणाची सोडत निघते. जानेवारी २०२६ च्या मतदानाआधी ती नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली होती. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. त्यातल्या कुठल्या जागा महिलांच्या, हे चिठ्ठीने ठरतं आणि चिठ्ठी बहुधा शाळकरी मुलांच्या हातून काढतात. मात्र तिथे चिठ्ठी जागेची असते. माणूस पुढे मतदार निवडतात.

माणसाचीच चिठ्ठी काढायची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरला दहाव्या शतकातला, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचा शिलालेख आहे. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातल्या पात्र माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची, आणि अजाण मुलाच्या हाताने एकेक चिठ्ठी काढायची. म्हणजे प्रत्येक भागाचा माणूस येणारच. प्रदेशाचा समतोल त्यांनी हजार वर्षांपूर्वी साधला होता! वय मात्र ३५ ते ७० हवं, जमीन हवी, वेदांचं ज्ञान हवं, आणि बायकांना मडक्यात जागाच नव्हती. मुलांना हे जरूर सांगा. मडक्यात कुणाची नावं जातात हा प्रश्न चिठ्ठी काढण्याच्या आधीचा आहे.

आता नागरिकांचं पॅनल म्हणजे काय? एखाद्या प्रश्नावर सामान्य माणसांतून चिठ्ठीने काही जण निवडायचे, त्यांना माहिती द्यायची, चर्चा करू द्यायची आणि त्यांचं मत ऐकायचं. ब्रिटनमध्ये २०२० साली हवामानबदलावर असं पॅनल बसलं, शंभराहून थोड्या जास्त माणसांचं. आयर्लंडमध्ये २०१६ पासून ९९ नागरिकांचं बसलं होतं. आमच्या वर्गाने प्रश्न घेतला तो रोजचा : शीळफाट्यावरून अवजड वाहनं शाळेच्या वेळेत सोडावीत की नाही? कल्याण-शीळ रस्ता डोंबिवलीकरांचाही आहे आणि शीळकरांचाही. शीळ ठाणे महापालिकेत, डोंबिवली कल्याण-डोंबिवलीत. एकाच बाजूची माणसं पॅनलवर आली तर दुसरी बाजू ते मत ऐकणारच नाही.

"सर, सरळ चिठ्ठ्या काढल्या तर आपोआप दोन्हीकडचे येतील ना?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. तो आला की नाणी काढायची. प्रत्येकाने एक नाणं १२ वेळा उडवायचं, छापा म्हणजे बाई, काटा म्हणजे पुरुष. हे झालं १२ जणांचं पॅनल. एका बाजूचे तीन किंवा त्याहून कमी कितीजणांकडे आले? हिशेबाने एकूण ४०९६ शक्यतांपैकी ५९८ अशा निघतात, म्हणजे साधारण सातातून एकदा. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-सहा पॅनल अशी एकांगी निघतात आणि मुलांचा आपोआपवरचा विश्वास तिथेच उडतो. हजार माणसं निवडायची असती तर चिठ्ठीने स्वतःच समतोल सांभाळला असता. बारा-पंधरा जणांत ती सांभाळत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. बोलावलेले सगळे येत नाहीत. ब्रिटनच्या त्या पॅनलसाठी ३०,००० घरांना पत्रं गेली होती, होकार आले साधारण सहा टक्के. आणि होकार देणाऱ्यांत जास्त शिकलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्यापेक्षा बरंच जास्त होतं. आपल्याकडे काय होईल ते पालकसभेला उभं राहून पाहा. कोण येतं, कोण येऊच शकत नाही, हे तुम्हाला मला सांगायला नको. म्हणून इच्छुकांची यादी आली की तिच्यातून नुसती चिठ्ठी काढून चालत नाही, कोटे लावावे लागतात. इतक्या बाया, इतके तरुण, इतके या भागातले.

आणि कोटे लावले की आजोबांचा प्रश्न उभा राहतो.

वर्गात आम्ही छोटंसं पॅनल घेतलं, चार जणांचं. अटी तीन : दोन बाया आणि दोन पुरुष, दोन पंचेचाळिशीच्या आतले आणि दोन पुढचे, दोन डोंबिवलीचे आणि दोन शीळचे. इच्छुक दहा आहेत असं धरलं. नावं कुणाचीच नकोत म्हणून नाती दिली. डोंबिवलीची एक ताई, एक आजी, तीन दादा आणि एक आजोबा. शीळची एक आजी, दोन दादा आणि एक आजोबा. (पंचेचाळिशी ओलांडली की आजी-आजोबा, यावर स्टाफरूममध्ये नाराजी झाली, पण मुलांना लक्षात राहतं.) यादी मुद्दाम एकीकडे झुकलेली ठेवली आहे : दहांत बाया तीनच, तरुण बाई एकच, आणि शीळहून तरुण बाई एकही नाही. खऱ्या याद्या अशाच असतात.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. डब्यातून चिठ्ठी काढायची, कोटा भरला की त्या गटातल्या बाकीच्या चिठ्ठ्या बाजूला. एका गटाने पहिली चिठ्ठी काढली, डोंबिवलीचे आजोबा. दुसरी, डोंबिवलीचा दादा. आता पुरुष दोन झाले, डोंबिवलीचे दोन झाले. उरलेल्या दोन जागांवर शीळच्या दोन बाया हव्यात, त्यातली एक तरुण. शीळची तरुण बाई यादीतच नाही! दुसऱ्याच चिठ्ठीला खेळ संपला. पण हे कळायला त्या गटाला दहा मिनिटं लागली, आणि तोवर एक मुलगा म्हणालाच, "सर, ताईला शीळची धरू या ना." माझ्या जुन्या शाळेत हेच झालं होतं.

अडकलो तर सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात टाकून पहिल्यापासून सुरुवात करायची, हा प्रामाणिक मार्ग आहे. पण मग कुणाची निवड व्हायची शक्यता किती, हे कुणालाच सांगता येत नाही. मोजायचं असेल तर उलट्या बाजूने जावं लागतं : आधी अटींत बसणारी सगळी पॅनल लिहून काढायची, मग त्यातलं एक चिठ्ठीने निवडायचं.

फळ्यावर हे सावकाश करा. तीन बायांतून दोन घ्यायच्या. ताई नसेल तर दोन्ही आज्या आल्या. मग ज्येष्ठांचा कोटा भरला, म्हणून दोन्ही पुरुष दादाच हवेत. आज्या एक इकडची, एक तिकडची, म्हणून दादाही एक डोंबिवलीचा आणि एक शीळचा. तीन आणि दोन, म्हणजे सहा पॅनल.

ताई असेल तर तिच्याबरोबर एक आजी, एक दादा, एक आजोबा. ताई डोंबिवलीची आहे, म्हणून या तिघांत डोंबिवलीचं एकच जण चालेल. ते एक जण आजी असेल तर शीळचा दादा आणि शीळचे आजोबा, म्हणजे २ पॅनल. ते दादा असेल तर शीळची आजी आणि शीळचे आजोबा, दादा तीन म्हणून ३ पॅनल. ते आजोबा असतील तर शीळची आजी आणि शीळचा दादा, म्हणजे २ पॅनल. असे सात. सहा आणि सात, तेरा.

दहा माणसांतून चार निवडायचे २१० मार्ग आहेत. त्यातले तेराच अटींत बसतात. हा आकडा ऐकून वर्ग क्षणभर गप्प झाला होता.

आता तेरा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक पॅनल, आणि एक काढली. अगदी समान संधी, नाही का? प्रत्येक पॅनलला समान, हो. माणसांना? मुलांना तेरा पॅनलमध्ये प्रत्येक नाव कितीदा येतं ते मोजायला लावा. शीळची आजी तेरापैकी ११ पॅनलमध्ये आहे. डोंबिवलीची आजी ८ मध्ये, ताई ७ मध्ये. शीळचा प्रत्येक दादा ५ मध्ये, शीळचे आजोबाही ५ मध्ये. डोंबिवलीचा प्रत्येक दादा ३ मध्ये. आणि डोंबिवलीचे आजोबा फक्त २ मध्ये. ताळा करून पाहा : सगळ्यांची बेरीज ५२ यायला हवी, तेरा पॅनल गुणिले चार.

म्हणजे शीळच्या आजीला ८५ टक्के संधी आणि डोंबिवलीच्या आजोबांना १५. दोघांनी एकच फॉर्म भरला, दोघांचं नाव एकाच यादीत. कुणी लबाडी केली नाही, डोळे झाकूनच चिठ्ठी काढली. तरी हा फरक पडला, कारण पुरुष पुष्कळ, डोंबिवलीकर पुष्कळ, ज्येष्ठ पुरुषाला जागा व्हायला ताई यावीच लागते, आणि ताईसुद्धा डोंबिवलीचीच जागा खाते.

हा फरक पूर्ण घालवता येत नाही. तीन बायांना मिळून दोन जागा आणि सात पुरुषांना मिळून दोन जागा, तर बायांची संधी जास्त असणारच. समतोल हवा असेल तर ही किंमत मोजावी लागते, आणि ती पालकांना आधीच मोकळेपणाने सांगावी. पण सगळ्यात खालच्या माणसाची संधी वर किती नेता येईल, एवढं तरी विचारता येतं.

इथे वर्गातल्या एका मुलीने तेरा ओळींकडे पाहून जे शोधलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, कुठल्याच पॅनलमध्ये डोंबिवलीचे दोन पुरुष नाहीत." खरंच नाहीत. कुठे एक आहे, कुठे एकही नाही. म्हणजे तीन दादा आणि एक आजोबा, या चौघांना मिळून जास्तीत जास्त एक जागा. चौघांत एक, तर सगळ्यात कमी संधीवाल्याला पाव, म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त देणं कुणालाही शक्य नाही. पण २५ टक्के तरी देता येतील का?

येतात. तेरा पॅनलना समान वजन द्यायची सक्ती सोडायची. ज्या पॅनलमध्ये डोंबिवलीचा पुरुषच नाही (आजी डोंबिवलीची, दादा आणि आजोबा शीळचे) ती दोन पॅनल डब्यात टाकायचीच नाहीत. उरले तीन प्रकार, आणि चिठ्ठ्या करायच्या बारा. पाच चिठ्ठ्यांवर लिहायचं : दोन्ही आज्या, डोंबिवलीचा एक दादा, शीळचा एक दादा. चार चिठ्ठ्यांवर : ताई, शीळची आजी, डोंबिवलीचा एक दादा, शीळचे आजोबा. तीन चिठ्ठ्यांवर : ताई, शीळची आजी, शीळचा एक दादा, डोंबिवलीचे आजोबा. आधी या बारातली एक चिठ्ठी, मग कुठला दादा ते दुसऱ्या डब्यातून.

आता मोजा. आजोबा बारापैकी ३, म्हणजे पाव. डोंबिवलीच्या दादांची जागा बारापैकी नऊ वेळा येते, ती तिघांत वाटली की प्रत्येकाला पाव. शीळचे दोन्ही दादा आणि शीळचे आजोबा, प्रत्येकाला एक तृतीयांश. डोंबिवलीची आजी बारापैकी ५, ताई ७. आणि शीळची आजी? बारापैकी बारा.

इथे वर्गात भांडण झालं, आणि ते होऊ द्या. "सर, मग ही चिठ्ठी कसली? आजी तर ठरलेलीच आहे." बरोबर आहे. पंधरा टक्क्यांचे पंचवीस करताना पंच्याऐंशीचे शंभर झाले. आणि हे शंभर धोक्याचेही आहेत. उद्या कुणाला पॅनल वळवायचं असेल तर तो शीळच्या आजीकडेच जाईल, कारण ती येणार हे सगळ्यांना माहीत. माझं मत विचाराल तर मी तरी आजोबांच्या बाजूने आहे. ज्याला जवळजवळ संधीच नाही त्याला "तुमची चिठ्ठी डब्यात होती" असं सांगणं मला जमत नाही. पण वर्गातल्या निम्म्या मुलांना ते पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

तळाच्या माणसाची संधी शक्य तितकी वर न्यायची, मग त्याच्या वरच्याची, मग त्याच्या वरच्याची, हे तत्त्व आमच्या वर्गाचं नाही. बेली फ्लॅनिगन, पॉल गोल्झ, अनुपम गुप्ता, ब्रेट हेनिग आणि एरियल प्रोकाशिया यांनी ते २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. खऱ्या पॅनलच्या याद्यांवर जुनी पद्धत, म्हणजे आपल्या पहिल्या गटासारखी एकेक माणूस निवडत जाण्याची, लावून पाहिली तेव्हा काही इच्छुकांची संधी शून्याला टेकलेली दिसली. हजार-दोन हजार इच्छुक असतात तिथे पॅनल हाताने लिहून होत नाहीत, संगणक लागतो. पण शेवटची पायरी पुन्हा लोकांसमोर आणता येते. संगणकाकडून एक हजार पॅनल काढून घ्यायची, त्यांना ००० ते ९९९ क्रमांक द्यायचे, आणि सगळ्यांसमोर तीन आकडे सोडतीने काढायचे. त्या हजारांत आपलं नाव किती पॅनलमध्ये आहे हे प्रत्येक इच्छुकाला मोजून पाहता येतं. माझ्या त्या आजोबांना उत्तर द्यायला हीच यादी हवी होती.

शाळेत कुणी हे खरोखर करणार असेल तर दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. कोटा अगदी नेमका ठेवू नका. बारा जणांत "महिला सहा" ऐवजी "महिला पाच ते सात" म्हणा. कोपऱ्यातल्या माणसांना तेवढ्याने पुष्कळ जागा मिळते, आणि फॉर्मवर स्त्री-पुरुष यापलीकडे खूण करणाऱ्यालाही बसता येतं. दुसरं, कोटा फक्त विचारलेल्या गोष्टींचाच लागतो. वय, लिंग आणि भाग विचारलात तर तेवढंच सांभाळलं जाईल. रात्रपाळीचे, भाड्याने राहणारे आणि मतदारयादीत गावाकडेच नाव असलेले शीळ-दिव्याच्या पट्ट्यात किती आहेत ते तुम्ही जाणता. तुम्ही पत्रं मतदारयादीवरून पाठवलीत तर ती माणसं उत्तरमेरूरच्या मडक्याबाहेरच राहिली. ते कुठल्याही कोट्याने नंतर दुरुस्त होत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीला यातलं काही लागू करू नका, हेही सांगून ठेवतो. तिथे निम्म्या महिला आणि किमान तीन-चतुर्थांश पालक ही अट शिक्षण हक्क कायद्याची आहे आणि निवड पालकसभेतून होते. सहलीची जागा, स्नेहसंमेलनाची तारीख, शाळेच्या बसची वेळ, असल्या प्रश्नांसाठी मात्र हे पॅनल छान चालतं.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी आम्ही बारा चिठ्ठ्यांची सोडत काढली. पाचवीतल्या एका मुलीला बोलावलं होतं, तिला कशाचं काय ते माहीत नव्हतं. चिठ्ठी निघाली पहिल्या प्रकारची, दोन्ही आज्या आणि दोन दादा. आजोबा नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, पुढच्या वेळी!" आणि घंटा झाली.